फोटोतला भागाकार: उत्तर तिसऱ्या अंकात वेगळं, चूक दुसऱ्या फेरीत

प्रश्न: मुलगा पाचवीत आहे. मी नोकरीसाठी हिंजवडीला असते, तो संध्याकाळी आजीच्या मोबाइलवरून गणिताच्या वहीचे फोटो पाठवतो. उत्तर चुकलंय एवढं कळतं, पण चूक नेमकी कुठून सुरू झाली ते सापडत नाही. ८५३२७ ÷ २३ चं उत्तर त्याने ३७५३, बाकी ८ काढलंय. पुस्तकात ३७०९, बाकी २० आहे. म्हणजे ५ पासून चुकलं, असं मी सांगितलं तर तो म्हणतो ५ बरोबरच आहे. दुसरं, ४७०६ × ५८ = २७३०४८ असं आलंय, खरं उत्तर २७२९४८. दोन्ही फोटो जोडले आहेत. फोटोवरून चूक शोधायची पद्धत काय?

उत्तर:

मुलगा बरोबर सांगतोय. त्याच्यासमोर १२२ होते आणि १२२ मध्ये २३ पाचच वेळा जातात. भागाकारातली चूक त्याच्या आधीच्या फेरीत आहे, आणि तीही वरच्या ७ मध्ये नाही. १६३ च्या खाली त्याने १५१ लिहिलेत, तिथे १६१ हवे होते. त्यानंतरची त्याची प्रत्येक ओळ बिनचूक आहे. गुणाकारात चूक दुसऱ्या ओळीत आहे, ५ ने शून्याला गुणताना जुना हातचा मिळवला गेलाय. आता हे कसं शोधायचं ते सांगतो. भागाकारावर जास्त बोलेन, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

तुमच्या फोटोतली मांडणी जशीच्या तशी उतरवून घेतो:

```
२३ ) ८५३२७ ( ३७५३
   − ६९
     १६३
   − १५१
      १२२
    − ११५
        ७७
      − ६९
         ८
```

आपण मोठी माणसं उत्तराशेजारी उत्तर ठेवून बघतो. ३७०९ आणि ३७५३. पहिले दोन अंक जुळतात, तिसरा जुळत नाही, म्हणून तिसऱ्या अंकाशी बोट ठेवतो. पण भागाकारात प्रत्येक अंक आधीच्या फेरीत उरलेल्या बाकीवर उभा असतो. फेरीत चार कामं होतात: किती वेळा भाग जातो ते ठरवणं, गुणून खाली लिहिणं, वजा करणं आणि पुढचा अंक खाली उतरवणं. यातलं फक्त पहिलं काम उत्तरात दिसतं. उरलेल्या तिन्हीपैकी कुठेही चूक झाली तरी त्या फेरीचा अंक बरोबरच राहतो आणि बिघाड पुढच्या फेरीच्या अंकात उमटतो. म्हणून उत्तरात पहिला वेगळा अंक दिसला की त्याच्या आधीच्या फेरीची गुणाकाराची ओळ, वजाबाकी आणि उतरवलेला अंक हे आधी तपासा, आणि मग त्या अंकाकडे या. ही एक सवय लागली तरी निम्मी शोधाशोध वाचते.

तपासायच्या आधी फोटो नीट वाचणं हेही एक काम आहे, आणि ते घाईत होतं. सगळ्यात आधी पुस्तकातलं गणित आणि वहीत उतरवलेलं गणित एकच आहे ना, हे पाहा. ८५३२७ च्या जागी ८५२३७ उतरवलं असेल तर पुढची सगळी रीत बरोबर असूनही उत्तर जुळणार नाही, आणि तुम्ही फेऱ्या तपासत बसाल. यासाठी मुलाला पुस्तकातल्या गणिताचाही एक फोटो पाठवायला सांगा.

मग जे लिहिलंय तेच वाचा. आपल्याला २३ चा पाढा येत असला तर डोळ्यांना १५१ च्या जागी १६१ च दिसतं. मी फोटो तपासताना प्रत्येक ओळ आधी कागदावर जशीच्या तशी उतरवून घेतो आणि मगच हिशोबाला हात लावतो. तुमच्या फोटोत १५१ मधला ५ गिरवलेला आहे, तो ६ ही वाटू शकतो. अशा वेळी खालची ओळ पाहायची. १६३ मधून १६१ गेले असते तर २ उरले असते. मुलाने १२ लिहिलेत, म्हणजे वजा करताना त्याच्या डोक्यात १५१ च होते. पुसट किंवा गिरवलेला अंक मुलाने काय म्हणून वापरला, हे पुढची ओळ नेहमी सांगते. इंग्रजी अंकांत कधी कधी लिहिताना १ असतो आणि वजा करताना तोच ७ म्हणून वाचला जातो, मग चूक अक्षराची असते, गणिताची नसते. मराठी अंकांत १ आणि ९ ची हीच गत होते. सेमी-इंग्रजीच्या मुलांच्या वहीत मराठी आणि इंग्रजी अंक एकत्र आलेले मी बरेचदा पाहिलेत, तेव्हा हा एक धागा लक्षात असू द्या.

फोटो सरळ वरून काढायचा, पानाच्या कडेचं कच्चं काम कापलं जाऊ द्यायचं नाही, आणि खोडरबर वापरायचा नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची. खोडलेला अंक आपल्याला हवा असतो, कारण मुलाचं मन कुठे बदललं ते त्याच्यातच दिसतं.

आता ताळा. भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी बरोबर भाज्य, हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याचा उपयोग फक्त ‘चूक की बरोबर’ एवढाच करतात. तुमच्या मुलाच्या उत्तराचा ताळा करून बघू. ३७५३ गुणिले २३ म्हणजे ८६३१९, त्यात बाकी ८ मिळवली की ८६३२७. भाज्य होतं ८५३२७. फरक बरोबर १००० चा.

हा फरक टाकून द्यायचा नसतो. चूक एकच असेल आणि ती गुणाकारात किंवा वजाबाकीत असेल, तर ताळ्यातला फरक म्हणजे ती चूक, तिच्या फेरीच्या स्थानिक किमतीने गुणलेली. आपल्या भाज्यात ८५ हे हजार आहेत, ३ शतक, २ दशक, ७ एकक. म्हणजे पहिली फेरी हजारांची, दुसरी शतकांची, तिसरी दशकांची, चौथी एककांची. फरक १००० येण्यासाठी पहिल्या फेरीत १ ची चूक हवी, किंवा दुसऱ्या फेरीत १० ची, किंवा तिसरीत १०० ची. तिसऱ्या फेरीत १२२ मधून वजाबाकी चाललीय, तिथे १०० ची चूक डोळ्यांना लगेच दिसली असती. राहिल्या दोनच जागा. शिवाय ताळा भाज्यापेक्षा मोठा आलाय, म्हणजे कुठेतरी वजा करायची संख्या कमी लिहिली गेली किंवा बाकी जास्त धरली गेली. ताळा लहान आला असता तर याच्या उलट. एवढं कळेपर्यंत आपण फोटोतल्या एकाही फेरीत शिरलेलो नाही.

आता नेमकी फेरी. शेवटी करतो तोच ताळा प्रत्येक फेरीनंतरही करता येतो, आणि माझ्या मते भागाकार तपासायचं याहून चांगलं साधन नाही. कुठल्याही फेरीच्या शेवटी थांबा. तोपर्यंत उत्तरात जे अंक लिहिलेत त्यांना भाजकाने गुणा, त्या क्षणी उरलेली बाकी मिळवा. जी संख्या येईल ती भाज्याच्या तोपर्यंत वापरलेल्या अंकांइतकी असायलाच हवी.

पहिल्या फेरीनंतर उत्तरात ३ आहे, बाकी १६. ३ गुणिले २३ म्हणजे ६९, अधिक १६ म्हणजे ८५. भाज्याचे वापरलेले अंक ८५. जुळलं. दुसऱ्या फेरीनंतर उत्तरात ३७ आहेत आणि १६३ मधून १५१ वजा करून बाकी १२. ३७ गुणिले २३ म्हणजे ८५१, अधिक १२ म्हणजे ८६३. वापरलेले अंक ८५३. जुळलं नाही, आणि फरक १० चा, म्हणजे १० शतकं, म्हणजे तेच १०००. चूक दुसऱ्या फेरीत. त्या फेरीत तपासायच्या गोष्टी मोजक्याच असतात. खाली उतरवलेला ३ बरोबर. १६३ वजा १५१ बरोबर १२. राहिला २३ गुणिले ७, तो १६१ यायला हवा होता.

मोठा भाज्य असेल, सहा-सात अंकी, तर पहिल्या फेरीपासून सुरुवात करू नका. मधल्या फेरीला थांबून ताळा करा. तिथे जुळला तर त्याआधीचं सगळं सोडून द्या आणि पुढच्या अर्ध्यात जा. नाही जुळला तर मागच्या अर्ध्यात. दोन-तीन ताळ्यांत फेरी हाताशी येते.

फेरी सापडली तरी थांबू नका, पुढच्या फेऱ्याही बघा, पण मुलाच्याच आकड्यांनी. त्याच्यासमोर १२२ होते. त्यात २३ पाच वेळा, ११५, उरले ७. बरोबर. ७ खाली उतरवला, ७७ झाले, त्यात तीन वेळा, ६९, उरले ८. बरोबर. म्हणजे एकच चूक, आणि तिच्यानंतर त्याने चारही कामं दोन वेळा नीट केली. त्याला हे सांगायला हवं, कारण उत्तरातले शेवटचे दोन अंक चूक म्हणून खोडले की त्याला वाटतं आपल्याला भागाकारच येत नाही.

दोन चुका मात्र या ताळ्यांनी नीट हाती लागत नाहीत: एकीत ताळा जुळूनच जातो, दुसरीत तो जुळत नाही पण फरकावरून फेरी कळत नाही. त्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात.

एक, भाग कमी वेळा लावलेला. समजा १६३ ला त्याने ७ ऐवजी ६ चा भाग लावला. २३ सक १३८, बाकी २५. ताळा करा: ३६ गुणिले २३ म्हणजे ८२८, अधिक २५ म्हणजे ८५३. चक्क जुळला. पण २५ ही बाकी २३ पेक्षा मोठी आहे, अजून एक भाग जात होता. म्हणून प्रत्येक वजाबाकीनंतर बाकी भाजकापेक्षा लहान आहे ना, एवढं वेगळं पाहायचं.

दुसरी, शून्य द्यायचं राहून जाणं. इथे तुमच्या मुलाची गंमत झालीय. बरोबर वाटेने गेलं तर दुसऱ्या फेरीनंतर बाकी २ उरते, पुढचा २ उतरवला की २२ होतात, आणि २२ मध्ये २३ जात नाहीत. तिथे उत्तरात ० लिहून मग ७ उतरवायचा असतो. मुलगा चुकीच्या वाटेने १२२ वर गेला, म्हणून शून्याची ही जागा त्याच्यासमोर आलीच नाही. पुढच्या फेऱ्या त्याने बरोबर केल्या, यावरून त्याला शून्य देता येतं असं म्हणता येणार नाही.

शून्य राहिलं तर उत्तर ३७९, बाकी २० असं येईल. त्याचा ताळा ८७३७ येतो आणि ८५३२७ शी त्याचा काही संबंधच लागत नाही. फरकावरून फेरी शोधायची युक्ती इथे चालत नाही, कारण अंक आपल्या घरातून सरकलेत. त्याऐवजी उत्तरात किती अंक यायला हवेत ते सुरुवातीलाच मोजा. पहिला भाग ८५ ला लागला, तो एक अंक. भाज्यात पुढे ३, २, ७ असे तीन अंक उरले, प्रत्येकाला उतरवल्यावर एक. म्हणजे उत्तर चार अंकी. तीनच दिसले तर शून्य कुठेतरी गेलं. ज्या मुलांना भागाकार उजव्या कंसात लिहायची सवय आहे, तुमच्या मुलासारखी, त्यांचं शून्य जास्त वेळा हरवतं. उत्तर भाज्याच्या डोक्यावर लिहिलं तर प्रत्येक अंकाला खाली जोडीदार असतो, आणि २ च्या डोक्यावरची मोकळी जागा दिसते. शाळेत उजवीकडेच लिहायचं असेल तर अप्पा बळवंत चौकात चौकटीच्या वह्या मिळतात, घरच्या सरावापुरतं तरी एका चौकटीत एक अंक आणि उत्तर वर, असं करून पाहा.

आता २३ गुणिले ७ चे १५१ का झाले? उत्तर त्याच फोटोत आहे. सात त्रिक एकवीस, एक लिहिला, हातचे दोन. सात दुणे चौदा, चौदा आणि दोन सोळा. मुलाकडे पंधरा आले, म्हणजे त्याने हातचा एकच धरला. याला तीन कारणं असू शकतात. नुसती नजरचूक. किंवा एकवीसमधला लिहून झालेला १ च त्याने हातचा म्हणून धरला. किंवा हातचा म्हणजे नेहमी एकच, अशी समजूत. बेरजेत दोन संख्या मिळवताना हातचा कधी एकापेक्षा जास्त होत नाही, त्यामुळे ही शेवटची समजूत बऱ्याच मुलांमध्ये गुणाकारापर्यंत टिकून राहते.

आता त्याच पानावरची ११५ ची ओळ बघा. पाच त्रिक पंधरा, ५ लिहिला, हातचा १, पाच दुणे दहा आणि एक अकरा. ११५ बरोबर. लिहिलेला अंकच हातचा धरायची खोड असती तर इथे दहामध्ये ५ मिळवले असते आणि १५५ आले असते. ते कारण बाद. पण ‘हातचा नेहमी एक’ ही समजूत असलेल्या मुलालाही ११५ बरोबरच येतात, कारण तिथे हातचा खरोखर एक आहे. म्हणजे नजरचूक किंवा ही समजूत, दोनच उरली. गुणाकाराच्या फोटोत त्याने ४, ५, ३ असे हातचे वर लिहिलेत, त्यामुळे नजरचुकीचीच शक्यता जास्त, पण भागाकारात हातचा तोंडी धरला जातो, म्हणून खात्री करून घ्या. त्यांतली कुठली ते एका छोट्या गणिताने कळेल: २३ गुणिले ८. आठ त्रिक चोवीस, हातचे दोन. १८४ आले तर नजरचूक होती, विषय संपला. १७४ आले तर त्याला हातचा म्हणजे काय ते पुन्हा दाखवावं लागेल, चोवीस एककांमध्ये दोन दशकं आहेत इथपासून. ज्यात हातचा एकच येतो अशी गणितं, २३ गुणिले ४ किंवा ५, या कामाला उपयोगाची नाहीत.

चाचणीचं गणित निवडताना एवढा विचार हवाच. पन्नास भागाकार करून घेतले आणि त्यात हातचे दोन असलेले गुणाकार चारदोनच निघाले, तर ती समजूत तशीच राहते.

गुणाकाराच्या फोटोकडे येऊ.

```
    ४७०६
  ×   ५८
   ३७६४८
+ २३५४००
  २७३०४८
```

इथे तीन स्वतंत्र कामं आहेत: पहिली ओळ, दुसरी ओळ आणि शेवटची बेरीज. भागाकारासारखी एकाची चूक दुसऱ्या ओळीत शिरत नाही, म्हणून शोध सोपा. फरक १०० चा आहे, पण १०० तिन्ही ठिकाणी चुकू शकतात. कुठलं काम बिघडलं ते नवाच्या ताळ्याने कळतं. संख्येतले अंक मिळवत एकच अंक राहीपर्यंत जायचं. ४७०६ चे १७, त्याचे ८. पहिली ओळ ८ ने गुणलेली, म्हणून आठ आठे चौसष्ट, ६ आणि ४ दहा, म्हणजे १ यायला हवा. मुलाच्या ३७६४८ चे २८, त्याचे १०, त्याचा १. ही ओळ जुळली. दुसरी ओळ ५ ने गुणलेली, आठ पाचे चाळीस, म्हणजे ४ हवा. मुलाच्या २३५४०० चे १४, म्हणजे ५. जुळत नाही. आणि बेरीज? मुलाच्या दोन ओळींचे १ आणि ५, मिळून ६ हवेत. २७३०४८ चे २४, म्हणजे ६. बेरीज बरोबर. चूक दुसऱ्या ओळीतच.

मग त्या ओळीत उजवीकडून एकेक अंक. पाच सक तीस, ० लिहिला, हातचे ३. पाच गुणिले शून्य शून्य, अधिक हातचे ३, म्हणजे ३. मुलाने ४ लिहिलेत. फोटोत ४७०६ च्या डोक्यावर पाहा: शून्यावर दोन हातचे आहेत, पहिल्या ओळीतल्या अठ्ठेचाळीसचे ४ आणि आताचे ३. जुना ४ खोडलेला नाही, तोच मिळवला गेला. पलीकडे ४ या अंकावरही जुना ५ आणि नवा ३ असे दोन हातचे आहेत, पण तिथला ५ त्याने खोडलाय, म्हणून २० आणि ३ तेवीस बरोबर आले. शून्यावरच हे का झालं याचा अंदाज मी असा करतो की शून्याने गुणून काहीच हाती येत नाही, मग नजर वर जाते आणि जो हातचा आधी दिसतो तो घेतला जातो. उपाय छोटा आहे. दुसरी ओळ सुरू करण्याआधी पहिल्या ओळीचे सगळे हातचे एका रेघेने खोडायचे, किंवा दुसऱ्या ओळीचे हातचे गणिताच्या उजवीकडे वेगळे लिहायचे.

नवाचा ताळा जुळला म्हणजे गणित बरोबरच, असं मात्र धरू नका. अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही, ५४ आणि ४५ दोन्हीचे ९ च येतात. शून्य राहिलं तरी कळत नाही. मुलाने दुसऱ्या ओळीतलं एककाच्या घरातलं शून्य सोडून २३५३० लिहिले असते, तर बेरीज ६११७८ आली असती, तिचे ५, आणि खऱ्या २७२९४८ चेही ५. ताळा जुळला असता आणि उत्तर मात्र दोन लाखांनी कमी. त्यासाठी आधी ढोबळ अंदाज करायचा: ४७०० ला ६० ने गुणले तर सुमारे २८२०००. एकसष्ट हजार दिसले की घर सरकलंय हे तिथेच कळतं.

आता मुलाला काय पाठवायचं. भागाकाराच्या फोटोवर १५१ च्या ओळीभोवती फक्त गोल काढा, १६१ लिहू नका. ‘इथपर्यंत बरोबर आहे, ही ओळ पुन्हा कर आणि इथूनच पुढे जा’ एवढंच लिहा. वरची ६९ ची फेरी त्याला पुन्हा करायला लावायची नाही. गुणाकारात दुसऱ्या ओळीवर गोल काढा, पहिली ओळ तशीच राहू द्या.

तो १६१ लिहून पुढे गेला की या भागाकारात त्याला दोन नव्या जागा भेटतील, आणि परत आलेल्या फोटोत तुम्ही त्याच पाहा. पहिली २२ ची. उत्तर ३७९, बाकी २० आलं तर शून्य द्यायचं राहिलं. दुसरी शेवटच्या फेरीची: २२७ ला ९ चा भाग, नऊ त्रिक सत्तावीस, पुन्हा हातचे दोन. २०७ च्या जागी १९७ आले तर बाकी ३० उरेल, २३ पेक्षा मोठी, आणि तो बहुतेक गोंधळून ९ खोडून १० लिहायला जाईल. तसं दिसलं तर भाग किती वेळा जातो यावर वाद घालू नका, सरळ हातच्यावर या. दोन्ही जागा नीट पार झाल्या तर उत्तर ३७०९, बाकी २० येईल, आणि २३ गुणिले ८ वेगळं करून घ्यायचीही गरज उरणार नाही, कारण हातचे दोन असलेला गुणाकार त्याने याच गणितात करून दाखवलेला असेल.